टक्के फरक उणे ३६: एअर ट्रॅकवरच्या समोरासमोर टकरीचं प्रकरण

## पार्श्वभूमी

एका महाविद्यालयातल्या एफ.वाय. बी.एस्सी.च्या फिजिक्स प्रॅक्टिकलमधली ही गोष्ट. महाविद्यालयाचं आणि विद्यार्थिनींचं नाव दिलेलं नाही. आकडे मात्र जर्नलमध्ये होते तसेच आहेत.

प्रयोग सगळ्यांच्या परिचयाचा. एअर ट्रॅकच्या बारीक भोकांतून ब्लोअरची हवा येते आणि तिच्यावर दोन ग्लायडर जवळजवळ घर्षणाशिवाय सरकतात. प्रत्येक ग्लायडरच्या डोक्यावर ५ सेंटिमीटर रुंदीची उभी पट्टी असते. तिला आमच्याकडे सगळे फ्लॅगच म्हणतात. ट्रॅकवर दोन फोटोगेट. फ्लॅगने किरण जितका वेळ अडवला तितका वेळ टायमरवर उमटतो, रुंदीला वेळेने भागलं की वेग आणि वेगाला वस्तुमानाने गुणलं की संवेग. टकरीआधीचा एकूण संवेग, टकरीनंतरचा एकूण संवेग, आणि छापील जर्नलमधला शेवटचा रकाना: ‘टक्के फरक’.

या प्रकरणातली सगळी भानगड त्या शेवटच्या रकान्याची आहे.

दोघींच्या या गटाने तीन प्रकारच्या टकरी केल्या. पहिलीत दोन्ही ग्लायडर ०.२०० किलोचे, ब स्थिर, अ येऊन आदळतो, मध्ये रबरबँडचा बंपर. दुसरीत ब वर वजनं चढवून तो ०.३०० किलोचा केलेला, बंपरऐवजी वेल्क्रो, म्हणजे आदळल्यावर दोघं चिकटून पुढे जातात. तिसरी समोरासमोरची: ०.२०० किलोचा अ डावीकडून, ०.३०० किलोचा ब उजवीकडून, पुन्हा रबरबँड. दोन फोटोगेट एकमेकांपासून ५० सेंटिमीटरवर आणि टक्कर साधारण मधोमध. टायमर १ मिलिसेकंदापर्यंत वेळ दाखवणारा.

## अडचण

जर्नल तपासायला आलं तेव्हा शेवटच्या रकान्यात तीन आकडे होते: −६.०, −४.३ आणि −६.१ टक्के. खाली निष्कर्ष: ‘प्रायोगिक त्रुटींच्या मर्यादेत संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत सिद्ध होतो.’ तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळपास, तिन्ही दहाच्या आत. घाईच्या दिवशी अशा पानावर सही होऊन जाते.

तिसऱ्या टकरीचं ऑब्झर्व्हेशन टेबल पाहिलं तर अ चा संवेग ०.०९०१, ब चा ०.०८११ आणि बेरीज ०.१७१२. चिन्हं कुठेच नव्हती. फोटोगेटला दिशा कळत नाही, फ्लॅग डावीकडून जावो की उजवीकडून, तो वेळ तेवढाच सांगतो. दिशा बघणाऱ्याने लिहायची असते आणि ती या टेबलात लिहिलेलीच नव्हती. संवेगांची बेरीज म्हणून त्यांनी जे मांडलं होतं, तो संवेगांच्या नुसत्या आकारांचा मेळ होता. तो अक्षय्य राहावा असा कुठलाही नियम नाही.

उजवीकडची दिशा धन धरून त्यांच्याकडून टेबल पुन्हा लिहून घेतलं. संवेग किलोग्रॅम·मीटर प्रति सेकंदात आहे.

| ग्लायडर | आधीची वेळ (से.) | आधीचा संवेग | नंतरची वेळ (से.) | नंतरचा संवेग |
|---|---|---|---|---|
| अ | ०.१११ | +०.०९०१ | ०.१२९ | −०.०७७५ |
| ब | ०.१८५ | −०.०८११ | ०.१८० | +०.०८३३ |
| एकूण | | +०.००९० | | +०.००५८ |

फरक −०.००३२. त्याला ०.००९० ने भागलं की उणे ३६ टक्के.

दोघींपैकी एक सरळ म्हणाली, “सर, मग आधीचंच बरं होतं की.” तिचं म्हणणं समजण्यासारखं होतं. चुकीच्या रीतीने काढलेला आकडा पहिल्या दोन टकरींशी जुळत होता आणि बरोबर रीतीने काढलेला आकडा नियमच मोडतोय असं सांगत होता. रीडिंग तीच, उपकरण तेच, चार चिन्हं घातल्यावर ६ चे ३६ झाले. आता जर्नलमध्ये काय लिहायचं?

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांनीच सुचवला: ही टक्कर पुन्हा करू, टक्केवारी कमी येईल ते रीडिंग घेऊ. पुन्हा करायला हरकत काहीच नव्हती. पण हवा तो आकडा आल्यावर थांबायचं ठरवलं, तर त्या आकड्याने काही सिद्ध होत नाही. शिवाय हाताने ढकललेल्या ग्लायडरचे वेग दर वेळी थोडे बदलतात. सुरुवातीचा एकूण संवेग एकदा ०.००९ येईल, एकदा ०.००३, एकदा उणेही येईल. टक्केवारी त्या प्रमाणात कुठेही उडी मारेल.

दुसरा पर्याय तिन्ही टक्केवारींची सरासरी देण्याचा. ती उणे १५ येते. हे मात्र साफ नाकारलं. तीन टक्केवारींचे छेद निरनिराळे आहेत आणि त्यांतला एक जवळजवळ शून्य आहे. सरासरीत तोच एकटा बाकीच्या दोघांना गिळून टाकतो.

तिसरा पर्याय वेग असे निवडण्याचा, की एकूण संवेग शून्याच्या जवळ येणारच नाही. उदाहरणार्थ अ ला जोरात आणि ब ला अगदी हळू ढकलायचं. हा मार्ग प्रामाणिक आहे आणि बऱ्याच ठिकाणी तोच वापरतात. पण समोरासमोरच्या टकरीची गंमतच मग निघून जाते. दोन मोठे संवेग एकमेकांना जवळजवळ खोडतात आणि टकरीनंतर दोन्ही ग्लायडर उलट दिशांना गेले तरी ती छोटी शिल्लक तशीच राहते, हे बघायलाच तर ही टक्कर करायची.

चौथा पर्याय छेद बदलण्याचा. फरकाला ०.००९० ने न भागता दोन्ही संवेगांच्या आकारांच्या बेरजेने, म्हणजे ०.१७१२ ने भागलं, तर उणे ३६ चे उणे १.९ टक्के होतात. इथे दुसरी विद्यार्थिनी चटकन म्हणाली, “पण मग हे पण सोयीचंच झालं ना?” प्रश्न अगदी वर्मी लागणारा होता. आकडा पाहून झाल्यावर छेद निवडायचा हा प्रकार रीडिंग निवडण्यापेक्षा फारसा वेगळा नाही. छेद बदलायचा तर तो का, हे आकड्याच्या आधी सांगता आलं पाहिजे.

## निर्णयाची पहिली जागा: टक्के कशाचे?

हिशेबाच्या वहीसारखं आहे हे. दिवसभरात नव्वद हजार जमा, एक्क्याऐंशी हजार खर्च, शिल्लक नऊ हजार, आणि मोजताना तीन हजारांची गफलत झाली. ही गफलत शिल्लकेच्या ३३ टक्के आहे हे खरं, पण मोजणारा किती चोख आहे हे बघायचं तर ती एकूण हाताळलेल्या रकमेशीच ताडावी लागते. चूक मोजताना होते आणि मोजले गेलेत ते मोठे आकडे.

एअर ट्रॅकवर हे नेमकं मांडता येतं. टायमर १ मिलिसेकंदाचा आहे, म्हणून प्रत्येक वेळेत ±०.००१ सेकंदाची अनिश्चितता धरली. १११ मिलिसेकंदात १ म्हणजे ०.९ टक्के, म्हणून अ च्या आधीच्या संवेगात ±०.०००८. तसंच उरलेल्या तिघांत ±०.०००४, ±०.०००६ आणि ±०.०००५. चौघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की फरकातली अनिश्चितता ±०.००१२ येते. सुरुवातीचा एकूण संवेगच मुळात ०.००९० ± ०.०००९ आहे, म्हणजे टक्केवारीचा छेद स्वतःच दहा टक्क्यांनी डळमळीत.

तेव्हा ठरलं ते असं. मुख्य उत्तर म्हणून फरक त्याच्या एककात आणि अनिश्चिततेसह द्यायचा: −०.००३२ ± ०.००१२. टक्के फरक तिथेच लिहायचा, जिथे ही अनिश्चितता सुरुवातीच्या एकूण संवेगाच्या एक दशांशापेक्षा कमी असेल. पहिल्या दोन टकरींत ती ०.०९०१ च्या सव्वा टक्क्याहून कमीच आहे, तिथे टक्के खुशाल लिहावेत. तिसरीत ती १३ टक्के, म्हणून तिथे टक्क्यांच्या रकान्यात रेघ आणि खाली कारण. मर्यादा एक दशांशच का, याला काही दैवी आधार नाही. कुठेतरी ओढायची, फक्त रीडिंग घेण्याआधी ओढायची.

छेद बदलण्याचा प्रश्न तरीही उरलाच होता. आकारांच्या बेरजेपेक्षा एक चांगला छेद याच टेबलात दडलेला आहे. टकरीत अ चा संवेग +०.०९०१ वरून −०.०७७५ वर गेला, म्हणजे त्याने ०.१६७६ गमावला. ब चा −०.०८११ वरून +०.०८३३ वर गेला, म्हणजे त्याने ०.१६४४ कमावला. एकाने दिलं आणि दुसऱ्याने घेतलं, या दोहोंत ०.००३२ ची, म्हणजे १.९ टक्क्यांची तफावत. हा आकडा सोयीचा म्हणून निवडलेला नाही. टकरीच्या क्षणी दोघांनी एकमेकांवर लावलेला आवेग सारखाच होता का, हा प्रयोगाचा खरा प्रश्न आहे आणि हा छेद त्याच प्रश्नातून येतो. एकूण संवेग शून्य असला तरी तो चालतो. दोन ग्लायडरच्या मध्ये दाबलेली स्प्रिंग ठेवून ते दोरीने बांधायचे आणि दोरी जाळून सोडायचे, असा प्रयोग काही ठिकाणी करतात. तिथे सुरुवातीचा संवेग शून्यच असतो आणि नेहमीच्या ‘टक्के फरका’ला अर्थच उरत नाही. देणं-घेणं मात्र तिथेही ताडता येतं.

## निर्णयाची दुसरी जागा: उरलेल्या ०.००३२ चं काय?

इथे थांबता आलं असतं. टक्केवारीचा बागुलबुवा गेला, १.९ टक्के हा आकडा लाजिरवाणा नाही. पण −०.००३२ हा फरक ±०.००१२ च्या जवळजवळ पावणेतीन पट आहे. टायमरच्या तुटपुंजेपणाने एवढा फरक पडला असं म्हणणं जड जातं. आणि तिन्ही टकरींतले फरक उणेच होते. निव्वळ मोजणीची चूक कधी अधिक, कधी उणे जाते. तीनपैकी तीन उणे असणं हा पुरावा नव्हे, पण संशयाला पुरेसं आहे.

ठरलेलं उत्तर ‘घर्षण’ असतं आणि विद्यार्थिनींनी तेच दिलं. पहिल्या दोन टकरींत ते काही अंशी खरं आहे, कारण तिथे सगळं उजवीकडेच चाललेलं असतं आणि हवेचा विरोध संवेग कमीच करतो. समोरासमोरच्या टकरीत मात्र घर्षणाचा हिशेब वेगळा पडतो. उजवीकडे जाणाऱ्याला ते डावीकडे ओढतं, डावीकडे जाणाऱ्याला उजवीकडे. अ येतो आणि परत जातो, ब येतो आणि परत जातो. चारही तुकड्यांतले परिणाम एकमेकांना बहुतांशी खोडतात. तेव्हा तिसऱ्या टकरीतल्या ०.००३२ ला घर्षण जबाबदार नाही. दिशा कुठलीही असली तरी एकाच बाजूला ओढणारं काहीतरी हवं.

धागा पहिल्या टकरीत सापडला. तिथे दोन्ही ग्लायडर सारख्या वस्तुमानाचे, म्हणून अ थांबायला हवा. तो पुरता थांबत नाही, कारण रबरबँड पूर्ण स्थितिस्थापक नसतो. सेकंदाला दोनेक सेंटिमीटर वेगाने तो पुढे रांगत राहतो. दोघींना विचारलं की टकरीनंतर अ नेमकं काय करत होता. उत्तर आलं, “थोडासा पुढे गेला, थांबला, आणि मग आपोआप मागे आला.” किती पुढे? तीनेक सेंटिमीटर. त्यांनी ते पाहिलं होतं, पण ब्लोअरच्या हवेमुळे होत असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

समतल ट्रॅकवर रांगणारा ग्लायडर थांबेल फार तर. मागे येणार नाही. तो मागे आला, याचा अर्थ ट्रॅक डावीकडे उतरता होता.

आता पर्याय दोन होते. स्क्रू फिरवून ट्रॅक सरळ करून मोकळं व्हायचं, किंवा आधी उतार किती हे मोजून तो ०.००३२ पर्यंत पोचतो का ते पाहायचं. दुसरा निवडला. नाहीतर ‘ट्रॅक वाकडा होता’ हेही ‘घर्षण’सारखंच एक तोंडी उत्तर झालं असतं.

## काय केलं

टक्करच काढून टाकली. एकच ग्लायडर दोन्ही फोटोगेटमधून सोडायचा, आधी डावीकडून उजवीकडे, मग उलट, वेग साधारण ०.४० मीटर प्रति सेकंद. टायमर एका मिलिसेकंदाचा असल्याने एकेका फेरीतली टक्केवारी विश्वासाची नसते, म्हणून बऱ्याच फेऱ्यांची सरासरी घेतली. डावीकडून उजवीकडे जाताना वेग २.६ टक्क्यांनी घटला. उजवीकडून डावीकडे जाताना ०.४ टक्क्याने वाढला.

या दोन आकड्यांतून दोन्ही दोष वेगळे करता येतात, कारण घर्षण दोन्ही दिशांना वेग कमी करतं आणि उतार एका दिशेला कमी तर दुसऱ्या दिशेला जास्त. दोहोंची सरासरी −१.१ टक्के, हे घर्षण. दोहोंतल्या अंतराचा निम्मा १.५ टक्के, हा उतार. ०.४० च्या १.५ टक्के म्हणजे ०.००६ मीटर प्रति सेकंद, आणि ५० सेंटिमीटर पार करायला लागतात १.२५ सेकंद. त्वरण ०.००४८ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याला ९.८ ने भागलं की उतार निघतो: मीटरमागे जेमतेम अर्धा मिलिमीटर.

अर्धा मिलिमीटर! साध्या सुताराच्या स्पिरिट लेव्हलची स्वतःची अचूकताच साधारण एवढी असते, त्यामुळे तिचा बुडबुडा मधोमध दिसत होता यात नवल नाही.

आता हा उतार तिसऱ्या टकरीत किती संवेग खातो? ग्लायडरला लांबी असते, म्हणून फोटोगेट ओलांडल्यापासून टक्कर होईपर्यंत फ्लॅग सुमारे १८ सेंटिमीटर जातो आणि तेवढाच परत येतो. अ ला जाऊन येऊन ०.८६ सेकंद, ब ला १.३१ सेकंद लागतात. वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले वेळ: अ साठी ०.०००८, ब साठी ०.००१९. मिळून ०.००२७, डावीकडे. मोजलेला फरक होता −०.००३२ ± ०.००१२. उरला ०.०००५, तो अनिश्चिततेत आरामात बसतो.

एकूण संवेग ०.००९० आणि उतारानेच त्यातला ०.००२७ खाल्ला. उणे ३६ पैकी उणे ३० टक्के एवढे त्या अर्ध्या मिलिमीटरचे होते.

मग लॅब असिस्टंट काकांनी डावीकडचा लेव्हलिंग स्क्रू अर्धा फेरा वर घेतला. ट्रॅकच्या पायांमधलं अंतर १ मीटर आणि स्क्रूचा आटा १ मिलिमीटरचा, म्हणून अर्धाच. बिनटकरीच्या फेऱ्या पुन्हा घेतल्या: −१.२ आणि −१.० टक्के. दोन्ही दिशांचे आकडे एक झाले.

एक गोष्ट मुद्दाम केली नाही. जुन्या रीडिंगमधून उताराचे ०.००२७ वजा करून त्यांना सुधारलेलं म्हणून जर्नलमध्ये दाखवलं नाही. तो हिशेब कारण शोधण्यासाठी होता. उत्तरासाठी टकरी नव्याने घेतल्या आणि जुन्या पानावर काट न मारता ते पान तसंच ठेवलं.

## निष्पत्ती

चिकटणाऱ्या टकरीत पहिल्यांदा ०.०९०१ चा ०.०८६२ झाला होता, म्हणजे −४.३ टक्के. ट्रॅक सरळ केल्यावर ०.०९०१ चा ०.०८९० झाला: −०.००११ ± ०.०००९, म्हणजे −१.२ टक्के. जो काही तोटा उरला तो घर्षणाच्या अंदाजाएवढाच. उताराचा फटका या टकरीला मोठा का बसला होता, तेही इथे उलगडलं. चिकटल्यावर दोघांचा वेग ०.१७ वर येतो, पुढच्या फोटोगेटपर्यंत पोचायला पूर्ण सेकंद लागतो आणि तेवढा वेळ उतार अर्ध्या किलोला ओढत राहतो. संवेग टकरीत गेला नव्हता, वाटेत गेला होता.

पहिल्या टकरीतल्या −६.० टक्क्यांपैकी जवळजवळ चार टक्के तर हरवलेच नव्हते. ते रांगणाऱ्या अ कडे होते. तो दुसऱ्या फोटोगेटपर्यंत पोचला नाही म्हणून टेबलात त्याच्यापुढे शून्य पडलं होतं. फोटोगेट ओलांडला नाही याचा अर्थ वेग शून्य असा होत नाही.

समोरासमोरच्या टकरीत नव्या रीडिंगप्रमाणे अ +०.०८८५ वरून −०.०७४१ वर, ब −०.०७८९ वरून +०.०८३८ वर. एकूण आधी ०.००९६, नंतर ०.००९७. अ ने गमावला ०.१६२६, ब ने कमावला ०.१६२७. बॅचमध्ये थोडी कुजबुज झाली, कारण नेहमीच्या रकान्यात हा १ टक्का आला असता. पण अनिश्चितता ±०.००१२ च आहे, तेव्हा एवढं जुळणं हा नशिबाचा भाग होता. पुढच्याच फेरीत ०.००८८ चा ०.००७८ झाला, म्हणजे जुन्या रीतीने −११ टक्के. फरक +०.०००१ आणि −०.००१०, दोन्ही अनिश्चिततेच्या आत. दोन्ही फेऱ्या एकच गोष्ट सांगत होत्या आणि टक्क्यांचा रकाना भरला असता तर त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगताहेत असं वाटलं असतं.

जर्नलमध्ये शेवटी लिहिलं गेलं ते असं: ‘समोरासमोरच्या टकरीत एकूण संवेगातला बदल ±०.००१२ किलोग्रॅम·मीटर प्रति सेकंद या मर्यादेत शून्य आढळला. दोन ग्लायडरमध्ये अदलाबदल झालेला संवेग सुमारे ०.१६३ होता. एकूण संवेग लहान असल्यामुळे टक्के फरक दिलेला नाही.’ ‘सिद्ध होतो’ हे शब्द गेले, आणि ते गेले ते बरंच झालं. या टायमरने अदलाबदलीच्या एका टक्क्याहून लहान तफावत दिसूच शकली नसती.

## वेगळं काय करता आलं असतं

बिनटकरीच्या फेऱ्या सगळ्यात आधी घ्यायला हव्या होत्या. त्यांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात आणि उपकरण स्वतःहून किती संवेग खातं हा आकडा हातात असल्याशिवाय टकरीतल्या कुठल्याही फरकाचा अर्थ लागत नाही. −४.३ टक्के चांगले की वाईट? बिनटकरीच्या फेरीत −१.१ येत असतील तर वाईट, −४ येत असतील तर उत्तम. छापील जर्नलमध्ये या फेरीला जागाच नाही, म्हणून ती कुणी घेत नाही. यंदापासून टकरींच्या टेबलावर एक ओळ हाताने आखून घेतली जाते.

फ्लॅगच्या रुंदीकडे या प्रकरणात लक्ष द्यावं लागलं नाही, कारण दोन्ही फ्लॅग व्हर्निअरने मोजून ५०.० मिलिमीटरचे निघाले. ते नेहमी तसे नसतात. एकाच ग्लायडरचा एकच फ्लॅग आधी आणि नंतर वापरला तर रुंदीतली चूक टक्क्यांतून आपसूक निघून जाते. आधी अ चा आणि नंतर ब चा फ्लॅग मोजला जात असेल, तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक सरळ १ टक्का होऊन उत्तरात उतरतो. हा दोष दिशा बदलून पकडता येत नाही, तो फ्लॅगची अदलाबदल करूनच पकडावा लागतो.

उरलेलं घर्षण कमी करायचं तर फोटोगेट टकरीच्या जागेजवळ आणायचे, म्हणजे वाटेतला वेळ कमी होतो. पण त्यालाही मर्यादा आहे. टक्कर सुरू होण्याआधी फ्लॅग फोटोगेटमधून पूर्ण बाहेर पडलेला हवा, नाहीतर टायमर टकरीतलाच बदलता वेग मोजत बसतो आणि जो आकडा येतो तो ना आधीचा, ना नंतरचा. ग्लायडरची लांबी, फ्लॅगची जागा आणि रबरबँड किती दाबला जातो हे पाहता प्रत्येक बाजूला १२–१३ सेंटिमीटरच्या आत जाता आलं नाही. तिथे −१.२ टक्क्यांचे साधारण −०.८ होतात, आणि त्यापुढे १ मिलिसेकंदाचा टायमर काही बोलत नाही.